बिडाची भेग आणि तुसाची राख

दिवाळी सरते, झोडणी उरकते आणि कर्जत-खालापूरच्या गावांतल्या भातगिरण्या दिवसभर चालू लागतात. यातल्या जुन्या गिरण्यांत अजूनही हलर आहे. ब्राझीलमधल्या एव्हारिस्टो एंगेलबर्गने १८८०च्या दशकात कॉफीचं साल काढायला हे यंत्र बनवलं होतं. भात उत्पादक देशांनी ते तांदळासाठी उचललं. हलरचं जवळजवळ सगळं अंग बिडाचं. आणि बीड मोडतं ते नेमकं गर्दीच्या दिवसांत, कारण तेव्हाच यंत्राला उसंत नसते.

बहुतेक वेळा तडकतो तो पाय, किंवा बेअरिंग धरणारा ब्रॅकेट. खालचा चौथरा समपातळीत नसताना बोल्ट आवळला की पायावर कायमचा ताण राहतो. त्यात पट्ट्याची ओढ आणि धडधड मिळते. लोखंडी पट्टी असती तर वाकली असती. बिडाला वाकणं माहीत नाही.

याचं कारण त्याच्या पोटात आहे. साध्या राखाडी बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड कापायला सोपं आणि धडधड पचवायला चांगलं, पण प्रत्येक पापुद्रा ही आधीच पडलेली बारीक भेगही असते. ताणलं तर अर्धा टक्का लांबायच्या आत ते तुटतं.

हा अर्धा टक्का लक्षात ठेवला की पुढचं सगळं उलगडतं. पितळेने जोडताना तडकलेल्या पायाचा १०० मिलिमीटरचा भाग ३० अंशांवरून ८०० अंशांपर्यंत तापवला, तर तो सुमारे ०.८५ मिलिमीटर वाढू पाहतो. बाजूचं थंड बीड त्याला वाढू देत नाही, म्हणून तो तापून मऊ असतानाच चेपला जातो. निवताना आकसायची वेळ येते तेव्हा तेच थंड बीड त्याला धरून ठेवतं. ०.८५ मिलिमीटर आकसायचं आहे आणि ताणाची मुभा आहे ०.५ मिलिमीटरची. मग टाक्यापासून बोटभर अंतरावर नवी भेग पडते, कधी टिचकीचा आवाज करून, कधी रात्री कोणी नसताना. तोच पाय आधी अख्खा ४०० अंशांपर्यंत तापवला, तर जोड आणि बाकीचं अंग यांच्यातला फरक निम्म्यावर येतो, ओढही ०.४५ मिलिमीटरच्या आसपास उतरते. उरलेली ओढ मऊ पितळ स्वतः थोडं ताणून घेतं. माझ्या मते बिडाच्या दुरुस्तीचं खरं काम टॉर्चच्या आधी आणि टॉर्चच्या नंतर होतं. मधला अर्धा तास सगळ्यांना दिसतो, एवढंच.

साध्या लोखंडाच्या रॉडने इलेक्ट्रिक वेल्डिंग करून देणारे पुष्कळ भेटतात. टाका दिसायला छान बसतो. पण वितळलेलं लोखंड बिडातला कार्बन ओढून घेतं, झटकन निवतं आणि कडेला पांढऱ्या बिडाचा काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. कानस त्यावरून नुसती घसरते. निकेलचा रॉड या अडचणीतून बरीच सुटका करतो, पण तो महाग. विजेच्या वेल्डिंगने बीड जुळतच नाही असं मात्र नाही. १९१७ साली अमेरिकेने जर्मन जहाजं ताब्यात घेतली, तेव्हा त्यांच्या इंजिनांची बिडाची सिलिंडरं खलाशांनी आधीच फोडून ठेवली होती. ती पोलादी ठिगळं लावून विजेच्या वेल्डिंगनेच सांधली गेली. हलरच्या पायासाठी मात्र पितळेचं ब्रेझिंग पुरतं. त्यात बीड वितळवायचंच नसतं. वितळायला बिडाला साडेअकराशे अंशांच्या वर जावं लागतं. पितळेचा रॉड नऊशेच्या आसपास वाहतो.

आधी भेगेचं टोक शोधायचं. रॉकेल चोळायचं, पुसून कोरडं करायचं आणि खडू फासायचा. थोड्या वेळाने आत मुरलेलं रॉकेल खडूवर काळसर रेघ उमटवतं, आणि ती रेघ बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या भेगेपेक्षा लांब निघते. टोकाच्या किंचित पुढे चार मिलिमीटरचं भोक पाडलं की भेग तिथे थांबते. मग छिन्नीने आणि कानशीने व्ही आकाराची खाच करायची. ग्राइंडर फिरवला तर ग्राफाइट पृष्ठभागावर सारवलं जातं आणि पितळ त्याला चिकटत नाही. म्हणून शेवटचा हात कानशीचाच हवा. वर्षानुवर्षं मुरलेलं तेल तापवून जाळावं लागतं. धूर थांबेपर्यंत पुढे जायचं नाही.

तापवायला विटांचा तात्पुरता कोनाडा आणि लोणारी कोळसा पुरतो. पाय चहूबाजूंनी सारखा तापावा म्हणून दीड-दोन तास हळूहळू आच वाढवायची. घाई केली तर पातळ भाग आधी तापतो आणि दुरुस्तीच्या आधीच नवी भेग पडते. थर्मामीटर नसला तरी चालतं: शिशाचा तुकडा ३२७ अंशांना वितळतो, जस्ताचा ४२० अंशांना. पायावर दोन्ही ठेवायचे. शिसं वाहिलं आणि जस्त अजून टिकून आहे, म्हणजे नेमकं हवं तिथे आलो.

आता टॉर्च. ऑक्सिजन थोडा जास्त ठेवून खाच मंद लाल करायची, म्हणजे वरचं ग्राफाइट जळून जातं. टाकणखार टाकायचा; तो पाण्यासारखा पसरला की रॉड लावायचा. बीड थंड असेल तर पितळ गोळी होऊन घरंगळतं. फार तापलं असेल तर पितळ उकळतं आणि पांढरा धूर निघतो. तो जस्ताचा धूर. बंद खोलीत हुंगला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावं. बरोबर तापमानाला पितळ खाचेच्या भिंतीवर पातळ चढतं. हा पहिला लेप सगळीकडे बसला तरच खाच भरायची.

आणि मग राख. पाय गरम असतानाच ती सगळ्या बाजूंनी हातभर खोल दडपायची. इथे भातगिरणी स्वतःच औषध पुरवते. भाताचं तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते आणि ती इतकी सच्छिद्र असते की पोलादाच्या कारखान्यांतही वितळलेल्या धातूवर ऊब टिकवायला ती पसरतात. अट एकच: राख खडखडीत कोरडी हवी. कर्जतच्या पावसाळी हवेत पोत्यात पडलेली राख ओल धरते, आणि ओली राख गरम बिडाला पाण्याइतकीच घातक. म्हणून ती आधी तव्यावर तापवून घ्यावी. नाकाला फडकं बांधावं; ही धूळ फुफ्फुसांना चांगली नाही. पाय उद्यापर्यंत तसाच राहू द्यायचा. गिर्‍हाईक दारात उभं असतं, पोती थांबलेली असतात, आणि सगळ्यात जास्त दुरुस्त्या याच वेळी, राख अर्ध्यावर उपसल्याने फुकट जातात.

सगळ्याच गोष्टी अशा जुळत नाहीत. हलरचा आतला रोटर ओतताना मुद्दाम कडक केलेला असतो. तापवला तर तो कडकपणाच जातो, म्हणून तो नवाच घ्यावा. इंजिनाचं तडकलेलं फ्लायव्हील जोडू नये, कारण फिरताना ते फुटलं तर माणूस जातो. धुराड्याजवळचं, वर्षानुवर्षं जळलेलं बीड आत खोलवर गंजलेलं असतं. त्यावर पितळ धरत नाही आणि धरलं तरी तिथल्या उष्णतेत टिकत नाही.

हाताला सोसेल इतका निवल्यावर पाय बाहेर काढायचा, हातोडीने हलकेच वाजवायचा आणि पुन्हा रॉकेल-खडू करायचं. रेघ उमटली नाही, तर बसवण्याआधी जुन्या चौथऱ्याकडे वळायचं. पाय नुसता ठेवून चारही कोपऱ्यांखाली पातळ पत्रा सरकवून बघायचा; जिथे तो आत जातो, तिथे तेवढ्याच जाडीची पट्टी भरायची आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. पाय ज्या पोकळीमुळे मोडला ती भरली नाही, तर पितळेचा जोड राहील आणि बीड त्याच्या शेजारी पुन्हा तडकेल.