साखरपुड्याची देवाणघेवाण

मुलगी बोईसरची, मुलगा पालघरचा. सुपारीच्या बैठकीतच आपण देणेघेणे बोलून घ्यावे. मुलाकडून साडी, ओटी, अंगठी आणि साखरेचा पुडा. मुलीकडून कापड, अंगठी, नारळ. दोन्ही अंगठ्या ३ ग्रॅमच्या ठरवाव्यात. भाव रोज हलतो, वजन हलत नाही.

खरी कुरबुर होते मानाच्या साड्यांवरून. एका घरात मानाच्या बायका सात, दुसऱ्या घरात चार. मग एकाला सात साड्या पडतात, दुसऱ्याला चारच! आम्ही म्हणतो, साडी फक्त दोन्ही विहिणींना द्यावी. बाकीच्यांना खण-नारळ.

ठरल्यापेक्षा जास्त काही आयत्या वेळी ताटात ठेवू नये. समोरच्याचे ताट उघडे पडते. हौस असली तर नंतर घरी जाऊन द्यावे.

आणि मुलाकडच्यांनी सोन्याची साखळी मागितली तर? ती भेट नव्हे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने नुसती मागणीही गुन्हा आहे.