नशा उतरली, तोल सावरला नाही

रोज पिणारा माणूस धडपडला किंवा असंबद्ध बोलू लागला, की घरात कोणी त्याचे कारण शोधत बसत नाही. कारण सगळ्यांना पाठ असते. म्हणूनच एक गंभीर आजार घरच्यांच्या आणि कधीकधी डॉक्टरांच्याही डोळ्यांदेखत निसटतो. शेवटचा घोट घेऊन दोन दिवस झाले आहेत आणि तरीही माणूस पाय फाकवून, भिंत धरत चालतो आहे, तर ती नशा नव्हे. ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपल्यामुळे मेंदूला होत असलेली ती इजा असू शकते.

अनेक घरांतल्या हकिकती एकत्र केल्या, तर चित्र साधारण असे दिसते. एक ५२ वर्षांचा ट्रकचालक. रात्रीची एक क्वार्टर काही वर्षांत दिवसाच्या तीनवर गेलेली. जेवण म्हणजे चकणा आणि मनात आलेच तर वडापाव. गेला महिनाभर तेही नाही, त्यातच उलट्या सुरू झाल्या आणि पोटात काही टिकेना, म्हणून दारूही थांबली. तिसऱ्या दिवशी त्याला एकाचे दोन दिसू लागले. तो गुंगीत असल्यासारखा पडून राही आणि संडासला जाताना मुलाला धरून नेई. "उतरेल उद्यापर्यंत," असे बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी अशक्तपणा म्हणून जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावली आणि रात्री गोंधळ आणखी वाढला.

साखरेपासून ऊर्जा करताना पेशींना थायमिन लागते. शरीरात त्याचा साठा अवघा ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि तो दोन-तीन आठवड्यांत संपतो. दारुड्याच्या बाबतीत तीन बाजूंनी घाटा होतो. तो जेवत नाही, दारूमुळे आतड्यातून थायमिन नीट शोषले जात नाही आणि खराब झालेले यकृत ते साठवू शकत नाही. अशा रिकाम्या शरीरात नुसते ग्लुकोज चढवत राहिले, तर उरलेसुरले थायमिनही खर्च होते. म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत द्यायचे असते. मात्र रक्तातली साखर धोकादायक खाली गेली असेल, तर ग्लुकोज अडवून धरायचे नाही. दोन्ही एकदमच द्यायचे.

या तातडीच्या अवस्थेला वेर्निके आजार म्हणतात. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८८१ साली तीन रुग्णांत तो नोंदवला. त्यातले दोघे दारू पिणारे होते, पण तिसरी तरुणी ॲसिड प्यायल्यानंतर उलट्यांनी बेजार झाली होती. म्हणजे मूळ दोष उपासमारीचा. दारू ही तिथे पोचण्याची सर्वांत रुळलेली वाट. पाठ्यपुस्तकात डोळ्यांची बिघडलेली हालचाल, गेलेला तोल आणि मानसिक गोंधळ अशी तीन लक्षणे दिलेली असतात. तिन्ही एकदम दिसण्याची वाट पाहणे मात्र घातक. शवविच्छेदनात हा आजार सापडलेल्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा तिन्ही लक्षणे जेमतेम सहापैकी एकातच नोंदलेली निघाली. म्हणून दीर्घकाळ पिणाऱ्यांसाठी आता सैल निकष वापरतात. कुपोषण, डोळ्यांची लक्षणे, तोल जाणे, आणि गोंधळ किंवा स्मरणातली गडबड, या चारांपैकी कोणतीही दोन दिसली, तर आजार आहे असे धरून उपचार सुरू करायचे. एमआरआय नॉर्मल आला तरी आजार नाही असे ठरत नाही आणि रक्तातल्या थायमिनचा अहवाल येईपर्यंत वेळ निघून जाते.

आपल्याकडे घोटाळा होतो तो मात्रेत. 'ताकदीचे इंजेक्शन' म्हणून दिल्या जाणाऱ्या लाल औषधात ब-१ असते, पण शंभर मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. गोळी कितीही मोठी दिली, तरी निरोगी आतडे एका वेळी चार-पाच मिलिग्रॅमच शोषते. इथे तर आतडेच कमजोर. इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या आणि इतरत्रही पाळल्या जाणाऱ्या पद्धतीत शिरेतून दिवसातून तीनदा ५०० मिलिग्रॅम थायमिन, सुमारे अर्ध्या तासात थेंबाथेंबाने, दोन-तीन दिवस देतात. गुण दिसला तर पुढे काही दिवस रोज २५० मिलिग्रॅम. रक्तातले मॅग्नेशियम कमी असेल तर तेही भरून काढावे लागते, कारण त्याच्याविना थायमिन कामाला लागत नाही. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया क्वचित येते, म्हणून हे रुग्णालयातच करायचे. घरच्यांनी डॉक्टरांना "पितात" एवढेच सांगून थांबू नये. किती दिवस जेवले नाहीत, उलट्या किती झाल्या आणि शेवटची दारू कधी घेतली, हेही सांगावे.

आपल्या ट्रकचालकाला चौथ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात हे उपचार मिळाले. डोळे दोन दिवसांत सरळ झाले, चाल सुधारायला काही आठवडे गेले. आठव्या दिवशी मुलाने विचारले, "बाबा, सकाळी काय खाल्लंत?" उत्तर आले, "नाशिकला गाडी भरायला गेलो होतो ना, तिथंच मिसळ खाल्ली." आठ दिवस ते वॉर्डातून हललेही नव्हते.

हा कोर्साकॉफ आजार. मॉस्कोचे सर्गेई कोर्साकॉफ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले. जुने लग्न, जुने रस्ते आठवतात, पण नवीन काही टिकत नाही. मधल्या रिकाम्या जागा मेंदू जुन्या आठवणींनी भरतो आणि माणूस ते पूर्ण खात्रीने सांगतो. घरच्यांना ही थाप वाटते, कारण दारूपायी त्यांनी वर्षानुवर्षे थापाच ऐकलेल्या असतात. पण इथे फसवण्याचा हेतू नसतो, आणि वाद घातला तर हाती फक्त चिडचिड येते. "नाशिकला नंतर जाऊ, आता चहा घ्या," म्हणत विषय पुढे नेणे बरे.

स्मृती गेली तरी सगळे शिकणे संपत नाही. १९११ साली जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद यांनी अशाच एका रुग्णाशी हस्तांदोलन करताना हातात टाचणी लपवली. पुढच्या वेळी तिला टोचल्याचे आठवत नव्हते, तरी तिने हात मागे घेतला. प्रयोग निर्दयी होता, पण त्यातली गोष्ट देखभालीच्या कामाची आहे. सवय शिकणारा मेंदू अजून जागा असतो, आणि चूक आठवत नसली तरी चुकीचीही सवय लागते. म्हणून "ओळखा बघू, गोळ्या कुठे ठेवल्या?" असे विचारून अंदाज बांधायला लावू नये. कपाट दाखवायचे, हात धरून डबा उघडायला लावायचा, रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने. भिंतीवर वार-तारखेचा फलक, दाराला चित्र, मोबाइलमध्ये गजर. थोडे थोडे करत तो माणूस स्वतः आंघोळ, गोळी, फेरफटका करू लागतो.

किती भरून येईल, हे पहिल्या महिन्यात सांगता येत नाही. दारू पूर्ण बंद आणि आहार नीट असेल तर सुधारणा वर्षभर, कधी त्याहूनही पुढे चालू राहते. जवळजवळ पूर्ण बरे होणारे साधारण पाचातले एक. बाकीच्यांत कुणाला बरीच, कुणाला थोडी सुधारणा, आणि काहींना कायम कुणाची तरी सोबत लागते. त्यामुळे नोकरी, घर, संस्थेत ठेवणे यांचे कायमचे निर्णय घाईने घेऊ नयेत. पैशांचे मात्र लगेच पाहावे. एटीएमचा पिन, कोऱ्या कागदावर सही, उसनवारी, यांत हा माणूस सहज फसतो. गाडी चालवणे तर तपासणी होईपर्यंत बंदच.

व्यसनमुक्तीच्या नेहमीच्या बैठकीत ऐकलेले त्याच्या लक्षात राहत नाही. दारू सोडल्याचेच तो विसरतो आणि संध्याकाळी पाय सवयीने गुत्त्याकडे वळतात. म्हणून संध्याकाळी सहा ते नऊ त्याच्यासोबत कोणीतरी असावे, खिशात पैसे थोडेच असावेत आणि गल्लीतल्या दुकानदाराला आधीच सांगून ठेवलेले असावे. थायमिनची गोळी डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत रोज द्यायची. पुन्हा पिणे सुरू झाले आणि जेवण सुटले, तर दोन-तीन आठवड्यांत साठा परत रिकामा होतो.