परदेशात गुढी उभारायची तर कडुनिंब आणायचा कुठून? लालबागहून काय पाठवावं, काय पाठवू नये

आपल्या तालुक्यातली कितीतरी घरं एका काळी गिरणीच्या कामाला लालबाग-परळला गेली. गिरण्या बंद पडल्या, चाळीतली पोरं शिकली आणि आता तिसरी पिढी अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात नोकरी करते. पाडवा जवळ आला की या पोरांचा आईला फोन येतो. गुढीचं सामान पाठव. आई दादरला जाते, रानडे रोडवर खण घेते, गाठी घेते, छोटी तयार गुढी घेते आणि वर आंब्याची डहाळी नि कडुनिंबाचा पाला पिशवीत कोंबते. पंचाईत होते ती इथेच.

नेमकं काय अडतं हे कळण्यासाठी एक घर धरून चालू. आई-वडील लालबागच्या चाळीत, मुलगा-सून आणि पाच वर्षांची नात कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ एका फ्लॅटमध्ये. साल २०२५ चं.

पहिला घोळ तारखेचा. मुंबईत २०२५ चा पाडवा ३० मार्चला, रविवारी झाला. सुनेनं साहजिकच रविवार धरला. पण गुढी त्या दिवशी उभारायची, ज्या दिवशी सूर्योदयाला चैत्र शुद्ध प्रतिपदा असेल, आणि हा सूर्योदय आपण राहतो तिथला धरायचा. त्या वर्षी अमावस्या संपून प्रतिपदा लागली ती भारतीय वेळेनं २९ मार्चला दुपारी साधारण साडेचारला. ती संपली ३० मार्चला दुपारी पाऊणच्या सुमाराला. मुंबईत २९ च्या सकाळी अमावस्याच होती, म्हणून पाडवा ३० ला. कॅलिफोर्निया मात्र मार्चअखेर आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असतं. तिथं प्रतिपदा लागली २९ तारखेला पहाटे चारच्या आसपास आणि संपली त्याच रात्री बारा वाजून गेल्यावर थोड्या वेळात. तिथला सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. म्हणजे तिथला पाडवा शनिवार, २९ मार्च. ३० च्या सकाळी तिथं द्वितीया लागलेली होती.

गंमत अशी, की सॅन होजेत शनिवारी सकाळी सातला गुढी उभी राहिली तेव्हा लालबागला शनिवारची संध्याकाळ होती, साडेसात वाजले होते. गिरगावात फडके गणपतीपासून निघणारी शोभायात्रा दुसऱ्या दिवशी सकाळची. नातीची गुढी आजीच्या गुढीच्या आधी लागली. दरवर्षी असं होत नाही. २०२६ ला दोन्हीकडं १९ मार्चच येतो. म्हणून मुंबईचं कॅलेंडर बघून तारीख ठरवू नये. आपल्या गावाचं नाव टाकून पंचांग बघावं, किंवा तिथल्या महाराष्ट्र मंडळाला विचारावं. मंडळाचा कार्यक्रम सुट्टीच्या सोयीनं पुढंमागं असतो, त्याला तिथी समजू नये.

आता सामान. खण, साडी, तांब्या, हळदकुंकू, रांगोळी, गाठी याला सहसा अडचण नसते. अडतं ते हिरव्या पाल्याशी. अमेरिकेत उतरताना बियाणं, फळ, पान, फूल, माती असं काहीही बॅगेत असलं तर फॉर्मवर लिहावं लागतं, आणि ताजा पाला बहुतेक वेळा काढून घेतात. कारण साधं आहे. पानाच्या मागं कीड, अंडी, बुरशी जाते आणि तिथल्या बागा धोक्यात येतात. कढीपत्त्याच्या बाबतीत ते फार कडक आहेत, कारण तो लिंबूवर्गातला आणि त्यावरचा सिल्ला तिथल्या संत्रा-लिंबाचा रोग पसरवतो. सिल्ला म्हणजे काय हे आपल्या संत्रा-मोसंबीवाल्यांना सांगायला नको. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला तर याहून जास्त तपासणी होते. लिहून दिलं तर वस्तू जाते एवढंच. लपवलं तर दंड. पाडव्यासाठी पाला लपवून न्यायचा धंदा करूच नये.

पार्सलचाही हिशेब बदललाय. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करसवलत काढली. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून खण नि गाठी पाठवणं जास्त परवडतं.

मग कडुनिंब? खरा धोका या प्रश्नात आहे.

कडुनिंबाला थंडी, दहिवर सोसत नाही. फ्लोरिडात, टेक्सासच्या दक्षिण भागात तो वाढतो. सॅन होजेकडं लोक कुंडीत लावतात आणि हिवाळ्यात घरात घेतात. पण त्याच मुलखात रस्त्याच्या कडेला, जुन्या घरांच्या परसात एक झाड भरपूर दिसतं. लांबून बघितलं तर हुबेहूब कडुनिंब. ते आहे बकाणा, काही भागात त्याला बकाण निंब म्हणतात. आपल्याकडंही बांधावर, शाळेच्या आवारात तो असतो. कडुनिंबाच्याच कुळातला, पण विषारी. सगळ्यात जास्त विष फळात असतं, पण पानं-सालही खाण्यासारखी नाहीत. पोटात गेलं तर उलट्या, जुलाब, झापड, आणि जास्त गेलं तर श्वासापर्यंत त्रास पोचतो. पाडव्याला आपण पाला नुसता बांधत नाही, कोवळी पानं-फुलं गूळ, ओवा, जिरं, हिंग, मीठ, भिजवलेली डाळ घालून वाटतो आणि पोरांच्या हातावर ठेवतो. म्हणून ही चूक महागात पडू शकते.

ओळखायचं कसं? कडुनिंबाच्या डहाळीवर एक मधला दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगाला पानं थेट लागलेली असतात, विळ्यासारखी किंचित वाकडी, कडेला करवतीचे दाते. बकाण्याचा मधला दांडा पुन्हा फुटतो. त्याला बाजूचे छोटे दांडे येतात आणि पानं त्या छोट्या दांड्यांवर असतात. दांड्याला दांडा दिसला, की तो कडुनिंब नव्हे. फुलावरूनही कळतं. कडुनिंबाचं फूल पांढरं, बकाण्याचं जांभळट. मार्चमध्ये सगळ्यात सोपी खूण फळाची आहे. बकाण्याची पानं हिवाळ्यात झडतात आणि उघड्या फांद्यांवर पिवळ्या गोल गोळ्यांचे घोस तसेच लोंबत राहतात. असं झाड दिसलं तर त्याची डहाळी घरात आणूच नये. नुसती बांधायला म्हणूनही नको, लहान पोर कधी काय तोंडात घालेल सांगता येत नाही.

आपण धरलेल्या घरात मुलानं शेजारच्या गल्लीतल्या झाडाचा फोटो आईला पाठवला. फोटोत डहाळीचं टोक तेवढं होतं. आईनं बघितलं आणि म्हणाली, "अरे, पूर्ण पान दाखव, देठापासून." दुसऱ्या फोटोत दांड्याला दांडा फुटलेला दिसला. "नको रे बाबा, तो बकाणा आहे. पोरीला देऊ नकोस." झाड ओळखायचं तर फोटो असाच मागवावा, पान फांदीला जिथं लागतं तिथपासून शेंड्यापर्यंत.

त्यांनी पुढं केलं ते असं. प्रसादासाठी दक्षिण भारतीय किराणा दुकानातून वाळलेल्या कडुनिंबाच्या फुलांचं पाकीट आणलं. तमिळ, तेलुगू लोकांचंही नवं वर्ष याच दिवसांत असतं, त्यांना ही फुलं लागतात, म्हणून ती मिळतात. चमचाभर फुलं कोरडी भाजायची आणि गूळ-ओव्यात कुटायची. कडवटपणा येतो, पोरगी तोंड वाकडं करते, म्हणजे पाडवा झाला. कडुनिंबाचं तेल मात्र यात घालायचं नाही. ते झाडाच्या फवारणीचं, लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. गुढीला बांधायला मंडळातल्या एका बाईंच्या कुंडीतली दोन पानं मिळाली. तेवढी पुरतात. कडुनिंब मिळालाच नाही तर नुसती फुलांची माळ बांधावी, उगाच दुसरा पाला कडुनिंब म्हणून बांधू नये.

गाठी बॅगेतून आल्या त्या फुटून. साखर दमट हवेत पाणी सोडते, म्हणून गाठी घट्ट झाकणाच्या डब्यात, कापसात बसवून पाठवाव्या लागतात. सुनेनं शेवटी घरीच केल्या. एक वाटी साखर, पाव ते अर्धी वाटी पाणी, चमचाभर दूध. दुधानं मळी वर येते, ती काढून टाकायची. पाक गार पाण्यात टाकल्यावर टणक गोळी झाली की गॅस बंद करायचा आणि पळीनं घोटायचा. पांढरट, दाट व्हायला लागला की लगेच तूप लावलेल्या साच्यात ओतायचा. साच्यात आधीच दोरा आडवा ठेवलेला पाहिजे. चॉकलेटचे सिलिकॉनचे साचे चालतात. पहिला घाणा चिकट राहिला, कारण पाक गोळीपर्यंत गेलाच नव्हता. पाक पिवळा पडला तर पुढं गेला, जळायला लागला. लिंबू पिळायचं नाही, साखर जमत नाही आणि गाठ काचेसारखी होते. उकळता पाक अंगावर सांडला तर पाण्यापेक्षा वाईट भाजतं, तेव्हा पोरांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवावं.

काठीसाठी बागेच्या दुकानात टोमॅटोला आधार द्यायच्या बांबूच्या काठ्या मिळतात, सहा फुटी. एकच काठी बारीक असते, साडी आणि तांब्याच्या वजनानं वाकते, म्हणून दोन-तीन एकत्र बांधायच्या. टोकाला कापड गुंडाळून मग तांब्या पालथा घालायचा, म्हणजे घसरत नाही. साडीऐवजी खण घेतला तर वजन निम्म्यावर येतं. फ्लॅटच्या बाल्कनीबाहेर काही लटकवायला बऱ्याच सोसायट्यांची मनाई असते, म्हणून गुढी खिडकीच्या आत, रेतीच्या बादलीत उभी केली. धूप-उदबत्ती लावायच्या आधी खिडकी उघडली, नाहीतर छतावरचा धुराचा भोंगा वाजतो आणि शेजारी जिन्यात येतात.

गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवायची. मार्चअखेर तिथला सूर्य साडेसातच्या सुमाराला मावळतो. सुनेनं सातला हळदकुंकू वाहिलं, खण घडी करून ठेवला आणि घरी केलेल्या गाठीतला एकेक खडा सगळ्यांना दिला. लालबागला तेव्हा रविवारची सकाळ झाली होती आणि आजी खिडकीत आपली गुढी बांधत होत्या.