अंड्याचा फेस : पाक गरम असला म्हणजे सुरक्षित झाला का?

अंड्याचा पांढरा बलक साखरेसह फेटला की पांढराशुभ्र, घट्ट फेस तयार होतो. त्यास मेरिंग म्हणतात. केकवरील थरासाठी तो तीन प्रकारे करतात. कच्च्या बलकात साखर फेटून, फेटलेल्या बलकात उकळता पाक ओतून, किंवा बलक व साखर गरम पाण्यावर ढवळून मग फेटून. रायपूरसारख्या उष्ण व पावसाळ्यात दमट असणाऱ्या ठिकाणी अंडी विकणाऱ्या शेतकऱ्यांनी व केक करणाऱ्या बचतगटांनी यांतील फरक जाणून घ्यावा.

कच्चा फेस सर्वांत हलका असतो. मात्र काही तासांतच तो बसू लागतो व तळाशी पाणी सुटते. अंड्यात साल्मोनेला जिवाणू असल्यास तेही त्यात जिवंत राहतात. म्हणून हा फेस न भाजता वापरू नये.

पाकाचा फेस सर्वांत टिकाऊ ठरतो. पाकाने बलकातील काही प्रथिने घट्ट होतात आणि दाट पाक बुडबुड्यांभोवतीचे पाणी धरून ठेवतो. परंतु टिकाऊ फेस सुरक्षित असेलच असे नाही. सुरक्षिततेसाठी मिश्रण ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते. समजा, १०० ग्रॅम बलक ३० अंशांवर आहे आणि त्यात २०० ग्रॅम साखरेचा ११८ अंशांचा गोळीबंद पाक ओतला. केवळ या दोहोंचा हिशेब केल्यास मिश्रण सुमारे ८० अंशांवर जाते. पण अर्धा किलो वजनाचे स्टीलचे भांडेही उष्णता शोषते. ते धरल्यास तापमान ६९ अंशांच्या आसपास राहते. बलक फ्रिजमधून थेट काढलेला असल्यास ते ६० अंशांपर्यंत उतरते. बारीक धारेने ओतताना हवेत जाणारी उष्णता वेगळीच.

गरम पाण्यावरील पद्धतीत मात्र तापमान हाती असते. भांड्याचा तळ खालच्या पाण्यास न टेकवता, बलक व साखर सतत ढवळत ७१ अंशांपर्यंत तापवावी. साखरेमुळे बलक लवकर गोठत नाही. बोटांना साखरेचे कण न लागणे ही केवळ साखर विरघळल्याची खूण आहे. ती ५० अंशांच्या सुमारासही दिसते. त्यामुळे अन्नाचा तापमापक आवश्यक. पांढऱ्या गाठी दिसल्यास मिश्रण अधिक तापले असे समजावे. हा फेस पाकाच्या फेसाहून किंचित कमी टिकतो, पण दाट व गुळगुळीत होतो.

पाकाचाच फेस हवा असल्यास पाश्चरीकृत बलक वापरावा. कोणत्याही पद्धतीसाठी तडकलेली वा विष्ठा लागलेली अंडी वेगळी काढावीत. भाजून सुकवलेली मेरिंगही पावसाळ्यात हवेतील ओलावा शोषून चिकट होते. ती थंड होताच हवाबंद डब्यात भरावी.