गुढीचा क्रम: आधी काय, मग काय?

गेल्या वेळी प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं होतं, "सर, गुढीला आधी गाठी बांधायची की आधी कलश ठेवायचा? आमच्या घरी दरवर्षी यावरून वाद होतो." वेळ संपली होती म्हणून मी उत्तर आजवर ठेवलं.

क्रम कशावरून ठरवायचा, हा प्रश्न मीमांसकांनी फार बारकाईने हाताळला आहे. त्यांचं नेहमीचं उदाहरण अग्निहोत्राचं. वेदात आधी होम करण्याचं वाक्य येतं आणि लापशी शिजवण्याचं नंतर. पण होम त्या लापशीचाच करायचा, तर ती आधी शिजायला नको का? म्हणून वाक्यांचा क्रम बाजूला ठेवून कामाचा क्रम धरायचा. पहिल्याला पाठक्रम म्हणतात, दुसऱ्याला अर्थक्रम. माझं म्हणणं असं, की गुढीचा क्रम हा अर्थक्रम आहे. प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूसाठी जागा करून देते.

आता प्रत्यक्ष बघू. वेळूची काठी घ्या. ती धुऊन, कोरडी करून हळदकुंकू लावा. काठी निवडताना वरच्या टोकापासून वीतभर खाली पेर आहे ना, ते पाहा. बांबू गुळगुळीत, रेशीम त्याहून गुळगुळीत. गाठ पेराच्या वर बसली तर पेराचा उंचवटा तिला अडवतो. पेराच्या खाली बांधली, तर दुपारपर्यंत साडी निम्म्या काठीवर उतरलेली दिसते.

पहिलं वस्त्र. खण किंवा साडी रुंदीला दुमडून एका टोकाला निऱ्या घाला, जरीचा काठ दर्शनी बाजूला ठेवा, आणि सुतळीचे तीन-चार वेढे देऊन पेराच्या वर घट्ट बांधा. निऱ्यांचं चार बोटं कापड गाठीच्या वर राहू द्या. ते कशाला, ते पुढे येईल. सुतळीची टोकंही कापू नका.

दुसरा कडुलिंब. मोहोर असलेली डहाळी मिळाली तर उत्तम, सोबत आंब्याची डहाळीही बांधतात. पण धुतलेला पाला पुसून कोरडा करा, नाहीतर रेशमावर पाण्याचे डाग पडतात. सुतळीची जी टोकं राखली, त्यांनीच डहाळी बांधायची.

तिसरी साखरेची गाठी, आणि तिच्याबरोबर फुलांचा हार. गाठी पाल्यानंतर का? चैत्राच्या उन्हात, त्यातून कोकणातल्या दमट हवेत, साखर चिकट होते. मध्ये पाला असला तर ती पाल्याला चिकटते, थेट रेशमाला नाही. कडू आणि गोड एकत्र, हा अर्थ आपण सांगतो तो खराच. पण इथे कडू गोष्ट गोडापासून वस्त्राला वाचवतेही!

आणि शेवटी कलश, पालथा. गाठीच्या वर राखलेलं कापड काठीच्या टोकाभोवती गुंडाळा आणि त्यावर तांब्या दाबून बसवा. ते कापड पाचरीसारखं काम करतं. कलश आधी ठेवला, तर पुढची प्रत्येक गाठ बांधताना तो हलणार, आणि पाचर बसवायला जागाही उरणार नाही.

मला हे कसं कळलं? एका वर्षी घाईत मी तांब्या आधी अडकवला आणि गुढी गॅलरीच्या कठड्याला बांधली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दहाच्या सुमारास वारा सुटला आणि तांब्या थेट खाली. खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटला पोचा पडला. पाचच मिनिटांपूर्वी तिथे शेजारचा मुलगा बसला होता. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. तांब्याच्या गळ्याभोवती दोऱ्याचा फास घालून तो दोरा खालच्या गाठीला बांधतो. आणि गुढी बाहेर नेण्याआधी घरातच काठी तिरकी करून हलवून पाहतो. तांब्या खडखडला, तर कापडाचा आणखी एक पदर गुंडाळायचा.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमच्याकडे स्टीलची नळी आहे, तिला पेर कुठलं?)

बरोबर. तिथे पेर आपण तयार करायचं. जिथे गाठ यायची, तिच्या लगेच खाली सुती चिंधीचे सात-आठ वेढे घट्ट बांधा. तेच पेर.

आता ताईंच्या घरातला वाद. कोणी गाठीच्या आधी फुलांचा हार घालेल, कोणी नंतर. त्याने काही बिघडत नाही, तिथे घरची रीत चालू द्या. पण वस्त्राच्या आधी पाला किंवा सगळ्यांच्या आधी कलश, असं कोणी म्हणालं, तर "आमच्याकडे असंच करतात" एवढं उत्तर पुरणार नाही. खाली माणसं ये-जा करत असतात.

संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमारास गुढी उतरवताना हाच क्रम उलटा: आधी कलश, शेवटी वस्त्र. मधली गाठी मात्र घरातली मुलं आधीच मागतात, तिथे कुठलाच क्रम टिकत नाही. थांबतो.