उदरीय महारोहिणीचा फुगवटा : ५.५ सें.मी.ची मर्यादा

उदरातील महारोहिणीचा व्यास सामान्यतः सुमारे २ सें.मी. असतो, तो ३ सें.मी. किंवा अधिक झाल्यास त्यास फुगवटा म्हणतात. तो बहुधा लक्षणांवाचून वाढत असल्याने इंग्लंडमध्ये २००९ पासून ६५ वर्षांच्या पुरुषांची एकदा सोनोग्राफी करण्याची योजना सुरू झाली.

फुगवटा आढळताच शस्त्रक्रिया का करू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. ब्रिटनमधील १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ ते ५.५ सें.मी. फुगवट्याच्या १,०९० रुग्णांपैकी काहींवर तत्काळ शस्त्रक्रिया केली, इतरांवर केवळ देखरेख ठेवली. सहा वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. देखरेखीखाली फुगवटा फुटण्याचा धोका वर्षाला सुमारे १ टक्का होता, तर शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत ५.८ टक्के रुग्ण दगावले. अर्थात देखरेखीतील अनेकांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली.

३ सें.मी.चा फुगवटा वर्षाला सरासरी १.३ मि.मी., तर ५ सें.मी.चा ३.६ मि.मी. वाढतो. समजा, एखाद्याचा फुगवटा ४.६ सें.मी. आहे. वार्षिक वाढ ३ मि.मी. धरल्यास मर्यादा गाठण्यास तीन वर्षे लागतील. मात्र दोन मोजमापांत काही मि.मी.चा फरक केवळ तपासनिसामुळेही पडतो. म्हणून एका नोंदीवरून वेग ठरवू नये. वर्षात १ सें.मी.हून अधिक वाढ किंवा पोटदुखी असल्यास मर्यादेची वाट पाहिली जात नाही. स्त्रियांत त्याच आकारास फुटण्याचा धोका अधिक असल्याने ५ सें.मी.लाच शस्त्रक्रियेचा विचार होतो.