जाळे विणणारी पेशी

न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतू गिळून मारते, हे आपण सारे शिकलो. २००४ साली बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील ब्रिंकमन व झायक्लिन्स्की यांनी तिचे दुसरे अस्त्र दाखविले. पेशीच्या केंद्रकातील डीएनए उलगडतो, त्याला जंतुनाशक प्रथिने चिकटतात आणि पेशी फुटताच हे चिकट जाळे बाहेर पडते. गिळता न येणारे लांब बुरशीतंतूही त्यात अडकतात.

याचे मोल आम्हां बालरोगतज्ज्ञांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये कळते. मुंबईत परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत डीएचआर चाचणीने त्याचे निदान होते. अशा बालकांत ऑक्सिडेज हे विकर सदोष असते. त्यामुळे गिळलेला जंतू नीट मरत नाही, जाळेही विणले जात नाही आणि ॲस्परजिलस फुप्फुसात बळावतो.

परंतु काम संपल्यावर जाळे कापले जाणेही तितकेच आवश्यक असते. रक्तातील डीएनेज विकर ते कापते. जाळी अतोनात झाली, की प्लेटलेट व तांबड्या पेशी त्यांत अडकून गुठळी होते. २०२० मध्ये कोविडने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांतील सूक्ष्म वाहिन्यांत अशी जाळीयुक्त गुठळी आढळली.

ल्युपसच्या काही रुग्णांत जाळी कापलीच जात नाहीत. उघड्या डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ती जाळ्यावर बसतात आणि विकराची वाट अडवितात. ज्यांत हे घडते, त्यांत मूत्रपिंडाचा दाह अधिक आढळतो. म्हणून ल्युपस असलेल्या बालकाची लघवी प्रत्येक भेटीत तपासावी. सूज येण्यापूर्वीच तीत प्रथिने दिसू शकतात.